स्टूल देण्याआधी पाण्याचं तापमान मोजा

प्रश्न: मुलगा तीन वर्षांचा आहे, उंची ९५ सेंटिमीटर. मुलगी सहा वर्षांची, ११५ सेंटिमीटर. दोघांनी दात घासणं, हात धुणं, टॉवेल घेणं स्वतःचं स्वतः करावं म्हणून प्लास्टिकचं स्टूल आणलं, भिंतीवर हुक चिकटवले, न्हाणीच्या जागेत रबरी मॅट टाकली. पण स्टूल मागे सरकतं, हुक आठवड्यात निघून आले आणि मॅटच घसरते. परवा मुलाने स्टूलवर चढून गरम पाण्याचा नळ सोडला. चटका थोडक्यात निभावला. बेसिनचा काठ जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर आहे, गीझर टाकीचा आहे. सुरुवात कुठून करू? — दोन मुलांची आई

उत्तर: सुरुवात गरम पाण्यापासून करा. पाण्याचं होईपर्यंत स्टूल बाथरूमच्या बाहेर ठेवा. मुलाचा हात नळापर्यंत पोहोचत नव्हता तोवर गीझर कितीही तापलेला असला तरी चालून जात होतं. स्टूल आलं आणि गरम पाण्याची चावी तीन वर्षांच्या मुलाच्या हातात गेली. म्हणून ही दोन कामं याच क्रमाने करायची आहेत.

पाणी किती गरम आहे हे हाताने कळत नाही. मोठ्यांच्या हाताला ४५ अंशाचं पाणी ‘छान गरम’ वाटतं, अंघोळीला मुलाला ते जास्त होतं. शिवाय लहान मुलांची त्वचा पातळ असते, त्यामुळे भाजण्याचा वेग फार वेगळा असतो. ६० अंश सेल्सियसच्या पाण्याने प्रौढ माणसाला खोलवर भाजायला साधारण ५ सेकंद लागतात, लहान मुलाला सुमारे १ सेकंद पुरतो. एका सेकंदात मूल हात मागे घेईलच असं नाही. तीन वर्षांचं मूल चटका बसल्यावर बरेचदा जागीच थिजून रडतं. ५० अंशाला मात्र तशीच इजा व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणजे तुम्हाला धावत पोहोचायला वेळ मिळतो. नळाचं पाणी ५० अंशांच्या वर जाता कामा नये, असं म्हणण्यामागे हाच हिशेब आहे.

मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर चालतो, ताप मोजण्याचा चालत नाही, कारण तो ४२-४३ अंशांवर थांबतो. गीझर पूर्ण तापून दिवा बंद झाला की फक्त गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. पाइपात साठलेलं गार पाणी आधी येतं, म्हणून दोन-तीन मिनिटं वाहू द्या. वाया जाऊ नये म्हणून ते बादलीत धरा. मग कपभर पाणी घेऊन लगेच थर्मामीटर बुडवा आणि आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. हेच मोजमाप घरात थोडं थोडं पाणी वापरून गीझर पुन्हा पुन्हा तापल्यावर परत घ्या. टाकीत वरच्या थराचं पाणी सगळ्यात गरम असतं आणि गरम पाणी बाहेर पडतं तेही वरूनच. थोडं थोडं पाणी वापरून गीझर वारंवार चालू-बंद होत असेल तर हा वरचा थर ठरवलेल्या तापमानापेक्षाही वर चढतो. दोनदा मोजून जो मोठा आकडा येईल तोच खरा धरा.

आकडा ५० च्या वर असेल तर गीझरचा थर्मोस्टॅट कमी करायचा. बाहेर फिरवायचं बटण असेल तर ते थोडं मागे घ्या, पाणी एकदा पूर्ण वापरून पुन्हा तापू द्या आणि परत मोजा. बटणावरच्या खुणांवर विसंबू नका, त्या अंदाजाच्या असतात. थर्मोस्टॅट झाकणाच्या आत असेल तर ते काम इलेक्ट्रिशियनचं. तिथे वीज आणि पाणी एकमेकांना खेटून असतात.

इथे एक अडचण आहे. गीझर जितका कमी ठेवू तितकं बरं, असं वाटेल. पण साठवलेलं पाणी कोमट राहिलं की त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. २० ते ४५ अंश हा त्यांच्या सोयीचा पट्टा. ६० अंशाला ते मरतात. म्हणजे टाकीतलं पाणी ६० अंश असावं आणि मुलाच्या हातावर येणारं ५० च्या खाली असावं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत. त्यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह नावाचा भाग मिळतो. तो गरम आणि गार पाण्याच्या पाइपांमध्ये, नळाच्या आधी बसतो, आतल्या मेणाच्या घटकाच्या फुगण्या-आकसण्याने दोन्ही पाणी मिसळतो आणि ठरवलेल्या तापमानाचंच पाणी पुढे सोडतो. बेसिनसाठी तो ४१ ते ४३ अंशांवर लावून घ्या. घरात वृद्ध, फुप्फुसाचा आजार असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी असेल तर हा व्हॉल्व्हच बसवा, नुसता गीझर कमी करून भागवू नका. तसं कोणी नसेल आणि व्हॉल्व्ह आत्ता शक्य नसेल, तर नळाला ५० अंश येईल इथपर्यंत गीझर कमी करा, त्याखाली उतरू नका.

व्हॉल्व्ह बसवून झाला की प्लंबर जायच्या आत एक चाचणी करून घ्या. मिसळलेलं पाणी वाहत असताना गार पाण्याचा कॉक बंद करायचा. काही सेकंदांत नळाचं पाणी जवळपास थांबलं पाहिजे. गरम पाणी तसंच येत राहिलं तर व्हॉल्व्ह चुकीचा बसला आहे, सदोष आहे किंवा त्या जातीचाच नाही. पाणी जड असेल तर त्याच्या जाळ्यांत क्षार साठतात आणि तापमान हळूहळू वर-खाली होऊ लागतं, म्हणून वर्षातून एकदा जाळी धुऊन हीच चाचणी पुन्हा करावी.

बेसिनला एकाच दांड्याचा मिक्सर नळ असेल तर एक स्वस्त उपाय त्याच्या पोटातच असतो. बऱ्याच नळांत दांड्याखाली एक दातेरी चकती असते. दांडा काढून ती दोन-तीन दाते फिरवून बसवली की दांडा गरमच्या बाजूला पूर्ण वळतच नाही. हे जरूर करा, पण याची मर्यादा ओळखून. ही चकती तापमान ठरवत नाही, गरम-गारचं प्रमाण ठरवते. उन्हाळ्यात टाकीतलं ‘गार’ पाणीच तापलेलं असलं किंवा शेजारी फ्लश ओढल्याने गार पाण्याचा दाब पडला, की त्याच चकतीतून जास्त गरम पाणी येतं. हाच प्रकार टाकी नसलेल्या इन्स्टंट गीझरमध्ये उलट्या बाजूने होतो. तिथे धार बारीक केली की पाणी आतमध्ये जास्त वेळ रेंगाळतं आणि जास्त तापतं. मूल नळ थोडासाच सोडतं, म्हणून मोजताना तिथे बारीक धारेचंही मोजायला हवं.

अंघोळीचं पाणी ३७ ते ३८ अंश ठेवा. टब असो की बादली, आधी गार पाणी, मग गरम, आणि शेवटी पुन्हा थोडं गार. शेवटच्या गार पाण्यामुळे नळाच्या तोंडात अडकलेलं गरम पाणी निघून जातं आणि तापलेला धातू निवतो. हात घालून तळापासून ढवळा, कारण गरम पाणी वर तरंगतं. मगच मूल जवळ येऊ द्या. कधी भाजलंच, तर कपडे दूर करून (त्वचेला चिकटलेले ओढू नका) त्या जागेवर नळाचं गार पाणी २० मिनिटं वाहू द्या. बर्फ, तेल, टूथपेस्ट काहीही नको. तळहातापेक्षा मोठी जागा, चेहरा, हाताचा पंजा किंवा फोड असेल तर तडक डॉक्टरांकडे.

आता स्टूल. त्याची उंची दुकानात ठरवायची नाही, घरी मोजून ठरवायची. मुलाला अनवाणी, हात खाली सोडून उभं करा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. ९५ सेंटिमीटरच्या मुलाचं कोपर साधारण ५७ वर येईल. बेसिनचा काठ ८२ वर आहे. ८२ मधून ५७ गेले, २५ उरले. एवढं उंच स्टूल हवं, म्हणजे त्यावर उभं राहिल्यावर काठ कोपराच्या पातळीला येतो. स्टूल याहून बुटकं असेल तर कोपर काठाच्या खाली राहतं, हात वर धरून धुतले जातात आणि पाणी हातावरून ओघळत बाहीत जातं. बाही भिजली म्हणून मूल काठावर पोट टेकून पुढे झुकतं, आणि तुमचं स्टूल मागे सरकण्याचं कारण इथेच आहे. पोट काठावर टेकलं की पायाची बोटं स्टूलला मागे ढकलतात. स्टूल निसटतं आणि हनुवटी बेसिनवर आपटते.

उंची फार झाली तर धोका दुसराच. काठ बेंबीच्या खाली गेला की झुकताना शरीराचा भार काठापलीकडे जातो आणि मूल डोक्यावर बेसिनमध्ये जातं. म्हणूनच मुलाचं २५ सेंटिमीटरचं स्टूल मुलीसाठी वापरू नका. तिचं कोपर ६९ च्या आसपास असेल, म्हणजे तिला १३ सेंटिमीटर पुरतात. दोन पायऱ्यांचं एकच स्टूल घेऊन ती खालच्या पायरीवर उभी राहील, हा विचार मनात येतो, पण ते जमत नाही: वरची पायरी तिच्या आणि बेसिनच्या मधे येते आणि तिला पुन्हा लांबून झुकावं लागतं. तिच्यासाठी बुटका, रुंद पाट वेगळा घ्या. जागाच नसेल तर तिने जमिनीवरूनच वापरावं. सहा वर्षांच्या मुलीला ते थोडं गैरसोयीचं होईल, पण त्यात धोका नाही. मुलाच्या २५ सेंटिमीटरसाठी मात्र दोन पायऱ्या हव्यातच, साडेबाराच्या दोन. एवढ्या लहान पायांना एकदम पंचवीसची पायरी चढता येईल, पण उतरताना मूल पाठमोरं उतरतं आणि पाय जमिनीला लागेपर्यंत अंधारात चाचपतं.

पाहून घ्यायची खरी गोष्ट म्हणजे वरची फळी आणि खालचे पाय. फळी पायांच्या बाहेर डोकावत असेल तर ते स्टूल नको. हिशेब सोपा आहे: दीड किलोच्या, ३० सेंटिमीटर रुंद पायांच्या स्टूलचं वजन मध्यावर, म्हणजे कडेच्या पायापासून १५ सेंटिमीटरवर असतं. दीड गुणिले पंधरा, साडेबावीस. चौदा किलोच्या मुलाने पायाच्या बाहेर नुसते ३ सेंटिमीटर भार दिला तर बेचाळीस. स्टूल उलटतं. पाय फळीपेक्षा बाहेर पसरलेले असतील तर हा प्रश्नच येत नाही. दुकानात फळीच्या प्रत्येक कडेवर तळहाताने आपला भार टाकून पाहा. समोरचा पाय किंचितही उचलला तर स्टूल परत ठेवा.

पायांना रबर असलंच पाहिजे, आणि टिकलीएवढं नाही, पायाच्या पूर्ण तळाला. तेही साबणाच्या थरावर पकडत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा रबर आणि स्टूलखालची फरशी दोन्ही धुऊन कोरडी करा. बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, त्यामुळे चार पायांचं स्टूल बरेचदा डुगडुगतं. आखूड पडणाऱ्या पायाला रबराचा तुकडा पक्का चिकटवा, घडी घातलेला कागद नको. आणि स्टूल कधीही कापडी किंवा केसाळ पायपुसण्यावर ठेवू नका. खालचा मऊ थर दबतो, स्टूल कलतं आणि पायपुसणंच घसरगुंडी होतं. एवढं करूनही नळ लांब पडत असेल तर नळाच्या तोंडाला सिलिकॉनचा पन्हाळ्यासारखा जोड मिळतो. तो धार पुढे आणतो आणि झुकणं मुळातच कमी करतो.

स्टूल आलं की मुलाच्या हाताला काय लागतं हे नव्याने मोजावं लागतं. ९५ सेंटिमीटरचं मूल हात वर करून साधारण ११० पर्यंत पोहोचतं, त्यात २५ मिळवले की १३५. आणि स्टूल उचलून कुठेही नेता येतं, हे मुलांना फार लवकर कळतं. म्हणून १५० सेंटिमीटरच्या खाली औषधं, दाढीचं पातं, फरशी धुण्याचं ॲसिड, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही उघड्यावर नको. कुलपाचं कपाट असेल तर उत्तम. गीझरचं बटण आणि केस वाळवायचं यंत्र लावायचं सॉकेट कुठे आहे तेही एकदा पाहा. दाराची आतली कडी बाहेरून उघडता येणारी करून घ्या. भरलेली बादली किंवा टब तसाच ठेवू नका: काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडतं. स्टूल आणि मॅट बसवली म्हणून मुलाला अंघोळीच्या पाण्यात एकटं सोडून फोन घ्यायला जाता येतं असं नाही, एक मिनिटही नाही.

तुमची मॅट घसरते याचं कारण बहुधा मॅटमध्ये नाही, फरशीत आहे. खाली चोषक असलेली मॅट फक्त गुळगुळीत, सलग पृष्ठभागावर धरते: टबमध्ये किंवा मोठ्या चकचकीत टाइलवर. टाइलच्या सांध्यांवर चोषक आला की हवा शिरते आणि पकड सुटते. खडबडीत, ‘अँटी-स्किड’ टाइलवर तर तो धरतच नाही. तिथे ही मॅट टाकली की चांगल्या फरशीवर निसरडं आवरण घातल्यासारखं होतं. ओळखायचं कसं? मॅट ओली करून, एकेक चोषक दाबून बसवा आणि अनवाणी पायाने कडेकडे ढकला. सरकली तर ती त्या फरशीची नाही. मग चोषक नसलेली, जाड, जाळीदार आणि स्वतःच्या वजनाने बसणारी रबरी मॅट घ्या, किंवा थेट फरशीला चिकटणाऱ्या खरखरीत पट्ट्या लावा. पट्ट्यांमधलं अंतर ४-५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. मुलाचं पाऊल १५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ते कुठेही पडलं तरी दोन पट्ट्यांवर येतं. लावण्याआधी फरशी साबणाचा अंशही राहणार नाही अशी धुवा, पूर्ण वाळू द्या आणि चिकटवल्यावर दिवसभर पाणी लावू नका. कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो.

मॅट कुठलीही असो, अंघोळीनंतर उचलून उभी टांगायची. जमिनीवर पडून राहिली की खाली साबणाचा बुळबुळीत थर आणि काळी बुरशी धरते, आणि महिन्याभरात तीच मॅट घसरू लागते. चोषकांच्या आत तर ती बोटाने घासूनच निघते. न्हाणीच्या जागेबाहेरचं पायपुसणं ओलं पाऊल जिथे प्रथम पडतं तिथेच हवं, हातभर पुढे नको. त्याच्या खालचं रबर गरम पाण्यात धुतल्याने किंवा ड्रायरमध्ये वाळवल्याने कडक होऊन तडकतं. भुसभुशीत कण गळायला लागले की ते बदला.

हुकांचं काम थोडक्यात होतं. चिकटवलेला हुक मुलाकडे टिकत नाही, कारण मूल टॉवेल उचलून काढत नाही, खाली ओढतं, आणि कधी त्याला लोंबकळतंही. एक लाकडी पट्टी दोन स्क्रूंनी भिंतीला बसवा आणि हुक पट्टीला लावा. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर मोड बंद ठेवा, टाइलसाठीचं ड्रिल बिट वापरा, टाइल पार झाल्यावरच हॅमर मोड चालू करा. नळांच्या बरोबर वर-खाली पाइप असू शकतो, ती सरळ रेष टाळा. हुक टोकदार किंवा पातळ तारेचे नकोत, लाकडी गोल खुंट्या बऱ्या. उंची खांद्याइतकी: मुलासाठी ७५ सेंटिमीटरच्या जवळपास. डोळ्यांची पातळी, म्हणजे त्याच्यासाठी ८४ च्या आसपासचा पट्टा, मोकळा सोडा. मुलीचा हुक ९० वर येईल आणि तो मुलाच्या कपाळाशी असेल, म्हणून तो जायच्या-यायच्या वाटेवर न लावता दारामागच्या कोपऱ्यात लावा. टॉवेलला टांगायची फीत आखूड शिवा, डोकं जाईल एवढी मोठी नको.

या वयात मूल वर्षाला ६-७ सेंटिमीटर वाढतं, तेव्हा सहा महिन्यांनी कोपर पुन्हा मोजा. मुलाचं कोपर ६९ ला पोहोचलं की दोन पायऱ्यांचं स्टूल काढून टाका आणि मुलीचा पाट त्याला द्या, तोवर तिला त्याची गरज उरलेली नसेल.